'मोअर बेटर' कुठून येतं आणि ते कसं काढायचं

प्रश्न : सर, माझा मुलगा तासगावला मराठी शाळेत नववीत आहे. गुड-बेटर-बेस्टचा तक्ता त्याला घडाघडा पाठ आहे, तरी निबंधात 'मोअर बेटर', 'मोअर बिगर' लिहून येतो. मी खोडलं की पुढच्या वेळी 'मोअर बिग' लिहितो. नेमकं कुठं चुकतंय? आणि 'लेसर' हा शब्द तर इंग्रजी पेपरातसुद्धा दिसतो. त्यात 'लेस'ला ई-आर लागलेलंच आहे, मग तो कसा चालतो?

उत्तर :

ताई, आधी मराठीत तुलना कशी होते ते बघा, म्हणजे चुकीचं मूळ लगेच सापडेल. 'कृष्णा कोयनेपेक्षा लांब आहे' या वाक्यात 'लांब' हा शब्द जसाच्या तसा राहिला. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा'नं केलं. जोर द्यायचा असेल तर आपण 'जास्त लांब' म्हणतो, नाही म्हटलं तरी अर्थ अडत नाही. इंग्रजीत मात्र 'पेक्षा'साठी 'दॅन' येतोच, आणि त्याशिवाय 'लाँग' या शब्दालाही बदलून 'लाँगर' व्हावं लागतं. म्हणजे मराठी मुलाला विशेषण बदलण्याची सवयच नसते. त्याच्या मनात 'जास्त लांब' तयार होतं. 'जास्त'ला 'मोअर' हे त्याला पाचवी-सहावीपासून माहीत असतं आणि 'लाँग'चं 'लाँगर' होतं हे तक्त्यात पाठ असतं. दोन्ही गोष्टी त्यानं इमानदारीनं वापरल्या की 'मोअर लाँगर' तयार. प्रत्येक तुकडा त्याच्या परीनं बरोबर आहे, पण एकच काम दोनदा झालं.

'बेटर'चं दुखणं याहून थोडं वेगळं आहे. हा शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो. 'आता बेटर वाटतंय', 'हा रंग बेटर आहे', 'भेळ एकदम बेस्ट झाली'. या सगळ्या वाक्यांत 'बेटर' म्हणजे 'बरं' आणि 'बेस्ट' म्हणजे 'फार छान', एवढाच अर्थ असतो. मुलाच्या कानाला 'बेटर' हा तुलनेचा शब्द वाटतच नाही, तो त्याला 'गुड'चा जुळा भाऊ वाटतो. मग 'जास्त बरं' म्हणायचं झालं की 'मोअर बेटर' आपोआप येतं, आणि 'सगळ्यात छान'चं 'मोस्ट बेस्ट' होतं. 'वर्स्ट'चंही तेच. 'पिक्चर वर्स्ट होता' म्हणजे आपल्या बोलण्यात 'फालतू होता', इतकंच.

हे तुमच्या मुलाच्या बाबतीत खरं आहे का, ते एका मिनिटात तपासता येतं. त्याला नुसतं विचारा, 'बेटर' म्हणजे काय? 'चांगलं' असं उत्तर आलं तर दोष इथंच आहे. 'एखाद्यापेक्षा चांगलं' असं उत्तर यायला हवं. तक्ता आडवा पाठ करण्यात हीच गोम आहे. गुड-बेटर-बेस्ट हे तीन शब्द एका ओळीत म्हटले की ते एकाच वजनाचे वाटतात, अर्थाची पायरी चढलेली जाणवत नाही. म्हणून कंपॅरेटिव्ह शब्द सुटा पाठ करून घेऊ नका, 'दॅन'सकट करून घ्या. 'बेटर दॅन' म्हणजे 'पेक्षा चांगलं', 'वर्स दॅन' म्हणजे 'पेक्षा वाईट', 'लेस दॅन' म्हणजे 'पेक्षा कमी', 'मोअर दॅन' म्हणजे 'पेक्षा जास्त'. सुपरलेटिव्ह 'द'सकट : 'द बेस्ट', 'द वर्स्ट', 'द लीस्ट', 'द मोस्ट'. अनियमित रूपं रोजच्या वापरात मोजकीच आहेत. गुड आणि वेल या दोघांचं बेटर-बेस्ट, बॅड आणि बॅडली या दोघांचं वर्स-वर्स्ट, लिटलचं लेस-लीस्ट, मच आणि मेनी यांचं मोअर-मोस्ट. फारचं फर्दर किंवा फार्दर. अंतरासाठी दोन्ही चालतात, पण 'आणखी' या अर्थी फक्त 'फर्दर'. ओल्डचं साधं रूप ओल्डर, आणि घरातल्या नात्यासाठी एल्डर. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर आहे, पण 'ही इज एल्डर दॅन मी' चूक, कारण 'एल्डर'पुढं 'दॅन' चालत नाही. तिथं 'ओल्डर दॅन' लिहायचं.

'गुड'चं 'गुडर' का होत नाही, असं मुलं विचारतातच. आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेला' म्हणतो, 'जाला' म्हणत नाही, तसलाच हा प्रकार. वेगळ्या मुळाचं रूप येऊन बसलेलं असतं, आणि जे शब्द सगळ्यात जास्त वापरले जातात त्यांच्याच बाबतीत हे बहुधा घडतं.

आता 'मोअर बिग'कडे येऊ. ही चूक तुमच्या दुरुस्तीतूनच जन्मली आहे, आणि बहुतेक घरांत तसंच होतं. 'मोअर बिगर'वर लाल रेघ मारली की मुलाला एवढंच कळतं की दोन्ही एकत्र नकोत. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे रेघ सांगत नाही. मग तो अंदाजानं एक काढतो. म्हणून खोडताना फक्त 'मोअर' खोडा, आणि 'बिगर' शब्दाला गोल करून तसाच ठेवा. नियम असा सांगा : शब्द ई-आर घेणारा असेल तर 'मोअर' जातो. शब्द ई-आर घेणारा नसेल तर ई-आर जातं आणि 'मोअर' राहतो.

कुठला शब्द ई-आर घेतो हे लांबीवर ठरतं, पण अक्षरं मोजून नव्हे. शब्द तोंडानं म्हणायचा आणि त्यात स्वर किती वेळा ऐकू येतो ते मोजायचं. 'स्ट्रेंज' हा शब्द लिहायला लांबलचक आहे, पण स्वर एकदाच येतो, म्हणून 'स्ट्रेंजर'. 'बिग', 'टॉल', 'चीप', 'लार्ज', 'कोल्ड' हे सगळे एकस्वरी, म्हणून बिगर, टॉलर, चीपर, लार्जर, कोल्डर. स्वर तीनदा किंवा जास्त वेळा आला की 'मोअर'च : मोअर ब्यूटिफुल, मोअर इम्पॉर्टंट, मोअर एक्स्पेन्सिव्ह. खरी पंचाईत दोन स्वरांच्या शब्दांची होते. त्यातले वायनं संपणारे ई-आर घेतात आणि वायचा आय होतो : हॅपिअर, ईझिअर, हेविअर, अर्लिअर. बाकीच्या बहुतेकांना 'मोअर' लावा : मोअर यूसफुल, मोअर मॉडर्न, मोअर ऑनेस्ट, मोअर केअरफुल. क्लेव्हर, सिंपल, नॅरो, क्वाएट, पोलाइट असे काही शब्द दोन्हीकडे चालतात, 'क्लेव्हरर' आणि 'मोअर क्लेव्हर' दोन्ही बरोबर. पण दोन्हीकडे चालतात म्हणजे दोन्ही एकदम चालतात असं नाही. 'मोअर क्लेव्हरर' चूकच. एकस्वरी असूनही 'मोअर' घेणारे थोडे शब्द आहेत : टायर्ड, बोअर्ड, प्लीज्ड अशी क्रियापदावरून आलेली रूपं, आणि रिअल, राँग, फन हेही त्यातच धरा.

स्पेलिंगचं एका दमात सांगतो. शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वराचं अक्षर असेल तर ते व्यंजन दोनदा लिहायचं, जसं बिगरमध्ये दोन जी, हॉटरमध्ये दोन टी, थिनरमध्ये दोन एन. चीपमध्ये स्वराची अक्षरं दोन आहेत आणि कोल्डमध्ये शेवटची व्यंजनं दोन आहेत, म्हणून तिथं काही दुप्पट होत नाही. डब्ल्यूनं संपणाऱ्या स्लो, न्यू यांतही डब्ल्यू एकदाच.

एवढं सगळं सांगूनही मूल 'मोअर' पुन्हा घुसवतं, आणि त्यामागं रास्त कारण असतं. त्याला 'अजून चांगलं', 'खूपच मोठं', 'जरा बरं' असं म्हणायचं असतं. त्या जोरासाठी इंग्रजीत काय लिहायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नुसतं 'मोअर लिहू नकोस' म्हणून भागत नाही, 'मोअर'च्या जागेवर बसणारा शब्द हातात द्यावा लागतो. 'खूपच' किंवा 'कितीतरी'साठी 'मच' किंवा 'फार' : मच बेटर, फार बिगर. 'आणखी', 'अजूनच' यांसाठी 'ईव्हन' : ईव्हन बेटर. 'जरा', 'थोडं' यांसाठी 'अ लिटल' : अ लिटल बेटर. 'दिवसेंदिवस' असेल तर शब्द दोनदा : बेटर अँड बेटर, बिगर अँड बिगर. 'व्हेरी' मात्र इथं चालत नाही. 'व्हेरी गुड' होतं, 'व्हेरी बेटर' होत नाही. माझ्या मते सगळ्या धड्यात हाच भाग सर्वांत उपयोगी आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच गाइडांत नेमका तोच अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

आता नववीतला मुलगा लिहील असा एक उतारा घेऊन दुरुस्ती करून बघू.

'अवर न्यू हाउस इज मोअर बिगर दॅन द ओल्ड वन. सांगली इज मोअर नियरर फ्रॉम तासगाव दॅन सातारा. माय एल्डर सिस्टर इज मोअर टॉलर दॅन मी. यस्टर्डे आय हॅड फीव्हर बट टुडे आय ॲम मोअर बेटर. माय ग्रँडमदर मेक्स द मोस्ट बेस्ट भाकरी फ्रॉम ऑल.'

पहिल्या वाक्यात 'मोअर' खोडायचा. मुलाला जोर हवा असेल तर त्याच जागी 'मच' लिहायचा : 'मच बिगर दॅन द ओल्ड वन'. दुसऱ्यात दोन गोष्टी आहेत. 'नियर'ला ई-आर लागलेलं आहे, म्हणून 'मोअर' गेला, आणि 'तासगावपासून जवळ' यातल्या 'पासून'मुळं आलेला 'फ्रॉम'ही गेला, कारण 'नियर'बरोबर 'टू' येतो. शेवटी 'इज' जोडला की अर्थ पक्का होतो : 'सांगली इज नियरर टू तासगाव दॅन सातारा इज'. तिसऱ्यात 'एल्डर सिस्टर' बरोबर आहे, तिला हात लावू नका. फक्त 'मोअर' काढा. चौथ्यात त्याला 'आज बरंच बरं वाटतंय' म्हणायचं आहे, तर 'टुडे आय ॲम मच बेटर'. इथं 'दॅन' दिसत नाही म्हणून मुलं गोंधळतात, पण 'कालच्यापेक्षा' हे आधीच्या शब्दांतून समजतं, तेव्हा 'दॅन' नसला तरी तुलना आहेच. पाचव्यात 'मोस्ट' गेला. 'सगळ्यांतून'चा 'फ्रॉम ऑल'ही गेला, त्याच्या जागी 'ऑफ ऑल' आला : 'द बेस्ट भाकरी ऑफ ऑल'. जागा किंवा गट सांगायचा असेल तर 'इन' : द टॉलेस्ट बॉय इन द क्लास.

मुलाकडून हीच तपासणी लिहून झाल्यावर करून घ्या. लिहितानाच नको, लिहिताना दोन्हीकडे लक्ष राहत नाही. उताऱ्यातल्या प्रत्येक 'मोअर' आणि 'मोस्ट'खाली रेघ मारायची आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द बघायचा. तो 'बेटर, वर्स, लेस, बेस्ट, वर्स्ट, लीस्ट' यांपैकी असेल, किंवा ई-आर, ई-एस-टी लावलेलं रूप असेल, तर रेघ मारलेला शब्द खोडायचा. मग दुसरी फेरी : प्रत्येक 'दॅन' शोधायचा आणि त्याच्या आधी एक, आणि एकच, तुलनेचं रूप आहे का ते बघायचं. 'ही इज टॉल दॅन मी' अशी उलटी चूक या दुसऱ्या फेरीतच सापडते. दटावल्यावर काही मुलं 'मोअर' आणि ई-आर दोन्ही सोडून देतात, त्यामुळं ही फेरी वगळू नका.

या तपासणीत काही ठिकाणी फसगत होते, तेवढी सांगून ठेवतो. 'ईगर' आणि 'बिटर' या शब्दांच्या शेवटी ई-आर दिसतं, पण ते मूळ शब्दातलंच आहे, लावलेलं नाही. म्हणून 'मोअर ईगर', 'मोअर बिटर' बरोबर. ओळखायचं असं : ई-आर काढून टाकल्यावर त्याच अर्थाचा सुटा शब्द उरतो का? 'टॉलर'मधून 'टॉल' उरतो. 'ईगर'मधून 'ईग' उरतं, ते काहीच नाही. 'मोअर फार्मर्स' यात 'मोअर' संख्येसाठी आहे, जास्त शेतकरी, त्याचा 'फार्मर'मधल्या ई-आरशी संबंध नाही. 'द मोअर यू रीड, द बेटर यू राइट' यातही दोन्ही शब्द आपापल्या उपवाक्यात आहेत, तिथं काही खोडू नका. याउलट 'सुपिरिअर', 'इन्फिरिअर', 'प्रेफरेबल' हे शब्द अर्थानंच तुलनेचे आहेत. ई-आर लागलेलं दिसत नाही म्हणून मुलं त्यांना 'मोअर' लावतात. 'मोअर सुपिरिअर', 'मोअर प्रेफरेबल' चूक. आणि यांच्यापुढं 'दॅन' नाही, 'टू' येतो. 'सिनिअर', 'ज्युनिअर' यांनाही 'टू'च : 'शी इज सिनिअर टू मी'.

नववी-दहावीला डिग्री बदलायचे प्रश्न असतात, तिथंही हीच चूक वेगळा वेश घेऊन येते. 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई' हे कंपॅरेटिव्हमध्ये करताना समोर 'हाय' दिसतो, म्हणून मूल 'मोअर हाय' लिहितं. बरोबर वाक्य : 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. यातला 'अदर' महत्त्वाचा, कारण कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातलंच शिखर आहे आणि ते स्वतःपेक्षा उंच असू शकत नाही. पण 'महाबळेश्वर इज कूलर दॅन एनी टाउन इन सांगली डिस्ट्रिक्ट' यात 'अदर' नको, कारण महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात आहे, त्या गटातलं नाहीच. 'कृष्णा इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया' याचं मात्र 'एनी अदर' होणार नाही. गोदावरीसारख्या तिच्याहून लांब नद्या आहेत. ते 'लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स' होतं. इथं 'लाँगर' आणि 'मोस्ट' एका वाक्यात आले म्हणून मूल बिचकतं, पण हा 'मोस्ट' नद्यांना लागलेला आहे, 'बहुतेक' या अर्थानं. पॉझिटिव्ह डिग्रीत तेच वाक्य 'व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर ॲज लाँग ॲज द कृष्णा' असं येतं.

राहता राहिला 'लेसर'. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, ते दुहेरी रूपच आहे. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत जोर देण्यासाठी 'मोअर'ही लावायचे आणि ई-आरही, आणि त्याला कुणी अडाणीपणा म्हणत नव्हतं. तेव्हा 'वर्सर' असाही शब्द चालायचा. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी या रूपांवर काट मारली. रॉबर्ट लाउथच्या 1762 च्या व्याकरणात दुहेरी रूपं अयोग्य ठरवली आहेत, आणि शाळांतून तोच नियम पुढं रुजला. 'लेसर'ला तर सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या कोशात रानटी अपभ्रंश म्हटलं होतं. तरी तो टिकला, कारण त्याला स्वतःची वेगळी जागा मिळाली होती. 'लेस' प्रमाण सांगतो : लेस वॉटर, लेस शुगर. 'लेसर' दोहोंतलं कमी महत्त्वाचं किंवा कमी वाईट काय ते सांगतो आणि नामाच्या आधी येतो : 'द लेसर इव्हिल', 'अ लेसर पनिशमेंट'. मुलाला एवढंच सांगा की 'लेसर दॅन' लिहायचं नाही, 'दॅन' आला की 'लेस'. आणि 'मोअर लेसर' तर कधीच नाही.